शब्दचर्चा : जुम्याची ‘जमात’ तिघांची की चौघांची?

मृणाल : हनफी फिक्हवरच्या, म्हणजे इस्लामच्या हनफी पंथाच्या धर्मशास्त्रावरच्या, एका पुस्तकाचं मराठी भाषांतर तपासते आहे. विषय जुम्याचा, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजाचा. एका ठिकाणी ‘जुम्यासाठी तिघांची जमात पुरे’ आणि पुढच्या प्रकरणात ‘चौघांची जमात हवी’ असं आहे. मूळ अरबी मला वाचता येत नाही. यातला एक आकडा चुकला आहे का? शिवाय ‘जमात’ म्हटलं की मराठी वाचकाला आधी आदिवासी जमात आठवते. शब्द बदलू का?

दिगंबर : ‘समुदाय’ लिहा. अर्थ तोच.

इरफान : दोन्ही आकडे चूक आहेत. चाळीस जणांखाली जुमा होतच नाही, त्या दिवशी जोहरच्या, म्हणजे रोजच्या दुपारच्या नमाजाच्या, चार रकात म्हणजे चार आवर्तनं पढायची. घरी आम्ही हेच शिकलो.

रुकय्या : इरफानभाई, तुम्ही सांगताय ते शाफई पंथाचं मत आहे, हंबली पंथाचंही मुख्य मत तेच. पण पुस्तक हनफी आहे, तिथे चाळीस येणार नाहीत.

मृणालताई, बहुधा चूक आकड्यात नसून ‘जमात’ शब्दाने काय मोजलं यात आहे. पंथाचे संस्थापक अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य मुहम्मद यांच्या मते इमाम सोडून तीन पुरुष हवेत. दुसरे शिष्य अबू यूसुफ यांना इमाम सोडून दोन पुरतात. म्हणजे ‘चौघांची’ हे पहिलं मत इमामासकट मोजून झालं. ‘तिघांची’ मात्र दोन्हीकडे बसतं : इमाम वगळला तर अबू हनीफांचं, धरला तर अबू यूसुफांचं. म्हणून जिथे आकडा येईल तिथे ‘इमामाशिवाय’ किंवा ‘इमाम धरून’ लिहायलाच हवं. ‘समुदाय’ने हे सुटणार नाही. ‘जमात’ ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘नमाजाची जमात’ करा.

दिगंबर : पण तीनच का? दोघं जमले तरी जमणंच की.

रुकय्या : अबू यूसुफांचा मुद्दा साधारण हाच आहे. पण उलट बाजूने सांगतात, की कुरआनच्या ६२व्या सूरेतल्या ९व्या आयतीत ‘अल्लाहच्या स्मरणाकडे धाव घ्या’ ही आज्ञा अनेकवचनात आहे. संस्कृतसारखं अरबीतही द्विवचन वेगळं असतं, म्हणून खरं अनेकवचन तिनापासून सुरू होतं. अबू हनीफांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद असा, की इमाम ही एक अट आणि जमात ही वेगळी अट. मग इमामाला जमातीत कसं मोजायचं?

इरफान : मग चाळीस आले कुठून? ते काही उगाच नाहीत.

रुकय्या : उगाच मुळीच नाहीत. असअद इब्न जुरारा यांनी मदीनेत जुम्याची जमात उभी केली तेव्हा चाळीस जण होते, असं काब इब्न मालिक सांगतात. मालिकी पंथाचे बाराही असेच एका प्रसंगातून आलेत : खुत्बा, म्हणजे जुम्याचं प्रवचन, चालू असताना व्यापारी काफिला आला, लोक तिकडे धावले आणि पैगंबरांपाशी बाराच उरले. म्हणून मालिकी इमामाशिवाय बारा मागतात, तेही खुत्ब्यापासून नमाज संपवणाऱ्या सलामापर्यंत टिकलेले. हनफींचं उत्तर असं, की त्या दिवशी किती होते यावरून किती हवेत हे ठरत नाही. मला ते पटतं. शाफई म्हणतील, नमाज जशी पोहोचली तशीच पढायची, कमी संख्येला पुरावा तुम्ही द्या. यावर शेवटचा शब्द मी सांगू शकत नाही.

मृणाल : माझ्या पुस्तकातलं ‘तिघांची’ नक्की कुणाचं, हे कसं ओळखू? त्याच परिच्छेदात लोक मध्येच निघून गेल्याचं उदाहरण आहे.

रुकय्या : मग सोपं आहे. समजा, इमामामागे तिघंच आहेत. नमाज सुरू झाली, रुकू म्हणजे कमरेत वाकणं झालं आणि सजद्याआधी, म्हणजे कपाळ जमिनीला टेकण्याआधी, तिघंही निघून गेले. अबू हनीफांच्या मते जुमा तुटला, इमामाने जोहर नव्याने सुरू करावी. दोन्ही शिष्यांच्या मते जमातीसह सुरुवात झाली एवढं पुरे, इमामाने जुमाच पुरा करावा. पहिल्या रकातीचा सजदा झाल्यावर गेले असते, तर अबू हनीफांनाही जुमाच मान्य. तुमच्या परिच्छेदात सजद्याची मर्यादा त्याच माणसाच्या तोंडी असेल, तर ते ‘तिघं’ इमामाशिवायचे.

सादिक : आम्ही कामाच्या तळावर सहा जण आहोत, सगळे काही आठवड्यांपुरते. म्हणजे आमचा जुमा झाला?

रुकय्या : सादिकभाई, संख्या ही एकच अट नाही. हनफी मोजणीत मुसाफिरही धरतात, म्हणून संख्या भरते. पण त्यांच्याकडे जागा शहर किंवा शहराच्या आवारातली हवी, आणि जमात सगळ्यांना खुली हवी. शाफई मतात चाळीसही जण त्या ठिकाणचे कायम रहिवासी लागतात, त्यामुळे तुमच्यावर जोहर येते. तळ कुठे, कसा आहे हे पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, जवळच्या आलिमांना विचारा.

मृणाल : परिच्छेद पाहिला. सजद्याची मर्यादा अबू हनीफांच्याच नावावर आहे, तेव्हा तिथे ‘इमामाशिवाय तिघांची’ करते. पण ‘चौघांची’च्या वाक्यात कुणाचंच नाव नाही.

रुकय्या : तिथे ‘इमाम धरून’ आपल्या मनाने घालू नका. मूळ ओळ मिळाली तर इथे टाका.