'ठीक आहे रे' एवढंच आलं, तर काय लिहावं?

मांडवीकाठ: एरवी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवणारा मित्र तीन दिवस गप्प. विचारलं, तर रात्री पावणेबाराला 'ठीक आहे रे, जरा कामात.' पुढे काय टाइप करायचं ते लिहा. आपबीती नको.

शेवंती: 'नक्की ना?' पाठवू नका. त्यावर 'हो'च येतं, आणि दोनदा हो म्हटल्यावर माघार घ्यायला जड जातं. 'तू उदास वाटतोस' म्हणालात तर 'छे' म्हणून तो मोकळा. जे दिसलं तेवढंच लिहा आणि सोपं काहीतरी पुढे करा: 'बरं. तीन दिवस तुझा आवाज नाही, म्हणून विचारलं. काम असेल तर असू दे. शुक्रवारी बाजाराला म्हापशात येतोय, पाचला चहा घेऊया? नको असेल तर नुसतं "नको" लिही.' यात तो खोटा पडत नाही, आणि उत्तर एका शब्दात देता येतं.

फोंडेकर: एवढा खटाटोप? सरळ फोन लावायचा!

शेवंती: शेजारी आई बसलेली असेल तर तो फोनवरही 'ठीक' म्हणणार. आधी विचारा, 'नऊनंतर पाच मिनिटं फोन करू?' उचलल्यावर 'का' विचारू नका, त्यात जाब विचारल्यासारखं वाटतं. 'कधीपासून चाललंय?' चालेल. मग गप्प बसा. हेच जमत नाही लोकांना.

अबोली: माझा नवरा समोर बसून 'काय ना गो' म्हणतो. त्याला काय लिहू?

मांडवीकाठ: अबोलीताई, धागा मेसेजचा आहे!

शेवंती: त्याला लिहू नका. गाडीत शेजारी बसून विचारा. नजरेला नजर नसली की माणूस लवकर बोलतो.

दर्यावर्दी: फोंडेकर एका ठिकाणी बरोबर आहेत. 'सगळ्यांना माझा त्रासच होतो', 'माझी गाडी तूच घे' अशी भाषा आली, तर चहाची वाट पाहू नका, लगेच फोन करा. सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका. घरचं कुणीतरी जवळ हवं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 दिवसरात्र आणि फुकट आहे. जीवावर बेतलं असेल तर 108. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका.

फोंडेकर: आणि चहाच्या मेसेजला उत्तरच नाही आलं तर?

शेवंती: एरवी दोन दिवस थांबा. मग प्रश्न नसलेलं काहीतरी पाठवा, पावसात भरलेल्या वझऱ्याचा फोटोही चालेल. सकाळ-संध्याकाळ 'कसा आहेस' नको, हजेरी घेतल्यासारखं होतं.

चाफा: 'ठीक' लिहिणारी मीच. कधीकधी खरंच कुणी नको असतं हो.

शेवंती: म्हणून तर तो 'नको' ठेवलाय. पण खरा 'नको' कुठला, हे नुसत्या मेसेजवरून मलाही नेहमी ओळखता येत नाही.