मदत हवी आहे: छोट्या कंपनीचा एचआर डॅशबोर्ड, पण माणसांचा आकडाच जुळत नाही

वर्कशॉपवाली
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं शीटमेटलचं युनिट आहे. मी अकाउंट्सला लागले होते, पण दीड वर्षापासून एचआरही माझ्याच गळ्यात आहे. साहेबांना दर महिन्याच्या ५ तारखेला एका पानावर चार गोष्टी हव्यात: माणसं किती, नवीन किती घेतली, गैरहजेरी किती आणि सोडून किती गेले. साधं एक्सेल आहे, वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही.

जून २०२५ चं पान केलं आणि पहिल्याच आकड्यावर अडकले. माझ्या मास्टर शीटमधून ३० जूनला ६७ माणसं येतात. जूनच्या पगार रजिस्टरमध्ये ६८ नावं आहेत. साहेब म्हणाले, "एकाचाच तर फरक आहे, सोडून दे." मला ते पटत नाहीये.

दुसरं म्हणजे गैरहजेरी. बायोमेट्रिकच्या शीटमधून P नसलेले सगळे दिवस मोजले तर २५ टक्क्यांच्या आसपास जाते. इतकी गैरहजेरी असती तर शॉप बंदच पडलं असतं.

फॉर्म्युला हा वापरलाय. D मध्ये जॉइनिंगची तारीख, E मध्ये शेवटचा दिवस, B1 मध्ये महिनाअखेर:

```
=COUNTIFS(Master!D:D,"<="&B1,Master!E:E,"")
+COUNTIFS(Master!D:D,"<="&B1,Master!E:E,">"&B1)
```

कोथरूडचा_कोडर
फॉर्म्युला ठीक दिसतोय. फक्त दुसऱ्या ओळीत ">=" करा, कारण ३० तारखेला शेवटचा दिवस असलेला माणूस ३० ला कामावर होताच ना. सोडून जाण्याचं प्रमाण काढायचं तर महिन्यातले गेलेले भागिले एकूण माणसं, गुणिले १२. आणि खरं सांगायचं तर हे सगळं पॉवर बीआयमध्ये करा, एकदा बसवलं की सुटलात.

निवांत
ताई, माझाही असाच प्रॉब्लेम आहे. फेब्रुवारीत मी कंपनी सोडली, त्यांनी पीएफच्या पोर्टलवर माझी सोडल्याची तारीखच टाकली नाही. आता पैसे काढता येत नाहीत. तुम्ही एचआरमध्ये आहात, तर काय करू?

मस्टर_मास्तर
निवांतभाऊ, ताईंचा प्रश्न वेगळा आहे, पण तुमचंही सांगून टाकतो. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की मेंबर पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit दिसतं, तिथून तारीख स्वतः टाकता येते. आधारला मोबाइल जोडलेला असला पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो. पुढचं नवीन धाग्यात विचारा.

आता ताई तुमच्याकडे येतो. मी सत्तावीस वर्षं टाइम ऑफिसला काढली आहेत. ६७ आणि ६८ मध्ये एकाचा फरक आहे असं साहेबांना वाटतं, पण माझ्या अनुभवात असा लहान फरक म्हणजे पाच-सहा चुका एकमेकींना खाऊन बसलेल्या असतात. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

एक: E कॉलम रिकामा आहे, पण बायोमेट्रिकवर दहा-पंधरा दिवसांत एकही पंच नाही, अशी माणसं किती? राजीनामा न देता, न सांगता गेलेले. त्यांची शेवटची तारीख कोणी भरतच नाही, कारण कागद आलेला नसतो.

दोन: तारखा खरोखर तारखा आहेत का? आपल्याकडे १७.०६.२०२५ असं टिंब देऊन लिहायची सवय आहे. भारतीय सेटिंगच्या एक्सेलला ती तारीख वाटत नाही, नुसता मजकूर वाटतो. मग "<=" त्या ओळीला मोजतच नाही आणि माणूस गुपचूप गायब होतो. हा फॉर्म्युला टाका, उत्तर शून्य आलं पाहिजे:

```
=COUNTA(Master!A2:A300)-COUNT(Master!D2:D300)
```

तीन: पगार रजिस्टरमध्ये ज्याला महिन्यात एक दिवसाचा जरी पगार निघाला त्याचं नाव असतं. १० तारखेला सोडून गेलेलाही त्यात असतो. ती महिनाअखेरची संख्या नव्हेच.

आणि ">=" करू नका. कोडरसाहेबांचं म्हणणं त्या एका दिवसापुरतं खरं आहे. पण बहुतेक राजीनामे महिनाअखेरचेच असतात. तो माणूस जूनच्या "गेले" मध्येही धरला आणि जूनअखेरच्या संख्येतही ठेवला, तर मागची शिल्लक अधिक आलेले वजा गेलेले हा हिशोब कधीच बसणार नाही. कॅशबुकसारखं आहे ते, तुम्ही अकाउंट्सच्या आहात, तुम्हाला कळेल.

वर्कशॉपवाली
काका, रात्री बसून सगळं काढलं. न सांगता गेलेले तीन सापडले, दोन एप्रिलपासून आणि एक मेच्या पहिल्या आठवड्यापासून येत नाहीये. तिघांचाही E रिकामा. आणि टिंबवाली तारीख एक निघाली, वेल्डिंगचा नवीन मुलगा. म्हणजे ६७ वजा ३ अधिक १, ६५.

रजिस्टरच्या ६८ पैकी चार जण जूनमध्येच सोडून गेलेत. ६४ राहिले. आता एकच कमी पडतोय, तो काही केल्या सापडेना.

मस्टर_मास्तर
बाळंतपणाच्या रजेवर कोणी आहे का?

वर्कशॉपवाली
अरे देवा. हो! पॅकिंगमधल्या एक ताई मार्चपासून रजेवर आहेत. त्यांचे पैसे ईएसआयकडून येतात, त्यामुळे आमच्या रजिस्टरला नावच नाही. ६५ आणि ६५. मेअखेर ६६, जूनमध्ये ३ आले, ४ गेले, ६५. बसलं!!

मस्टर_मास्तर
छान. आता त्याच तीन माणसांमुळे तुमची गैरहजेरीही बिघडली आहे. मशीनला ते गेलेत हे माहीत नाही, ते रोज त्यांना A लावत बसतं. जूनमध्ये तुमचे कामाचे दिवस किती?

वर्कशॉपवाली
आमची सुट्टी गुरुवारी. चार गुरुवार गेले, २६ दिवस. म्हणजे तिघांचे ७८ A नुसते भुताचे!

मोजलं परत. त्या तिघांना वगळून सगळ्यांचे मिळून कामाचे दिवस १६८४ भरतात (मध्येच आलेल्या-गेलेल्यांचे तेवढेच दिवस धरले, बाळंतपणाच्या रजेवरच्या ताईंचे धरले नाहीत). त्यात A ७१ आणि मंजूर रजा ४६. मी आधी P नसलेलं सगळं धरलं होतं, त्यात WO, म्हणजे साप्ताहिक सुट्ट्यासुद्धा होत्या. त्या २६४ होत्या.

मस्टर_मास्तर
मग ७१ भागिले १६८४, म्हणजे ४.२ टक्के. हा न सांगता राहिलेल्यांचा आकडा, साहेबांना ठळक हाच दाखवा. मंजूर रजा धरून ११७ दिवस, सुमारे ७ टक्के. तो खाली बारीक अक्षरात. दोन्ही एकत्र केले की रीतसर अर्ज देऊन लग्नाला गेलेला आणि फोनसुद्धा न उचलणारा एकाच रांगेत बसतात, आणि सुपरवायझर रजा मंजूर करायला घाबरायला लागतात. मी हे होताना पाहिलंय.

ते तिघे राहू दिले असते तर १४९ भागिले १७६२, साडेआठ टक्के. दुप्पट. म्हणून E कॉलमच्या शेजारी अजून एक कॉलम करा: शेवटचा प्रत्यक्ष हजर दिवस. डॅशबोर्ड त्यावर चालवा. पटावरून नाव कमी करण्याची तारीख वेगळी ठेवा, कारण त्यासाठी घरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्रं पाठवणं वगैरे रीतसर करावं लागतं. ते होईपर्यंत तो माणूस कागदावर तुमचाच असतो.

कोल्हापुरी_कारखाना
मास्तरांचं बाकी सगळं मान्य, पण एक विचारतो. माझी शिरोलीत फाउंड्री आहे. माझ्याकडे निम्मी माणसं ठेकेदाराची. पटावरची ६५ सांगून मला काय कळणार? मला गेटच्या आत किती आहेत ते पाहिजे. कँटीनची थाळीही तेवढ्यांचीच लागते.

मस्टर_मास्तर
दोन ओळी ठेवा, बेरीज करू नका. ठेकेदार माणूस बदलून पाठवतो, त्याला तुम्ही "सोडून गेला" म्हणणार का? संख्या तीच, माणसं वेगळी. तुमचा सोडून जाण्याचा आकडा निरर्थक होईल.

कोल्हापुरी_कारखाना
माणूस बदलला की माझं रिजेक्शन वाढतं ओ. मोल्डिंगला नवा गडी आला की आठवडाभर माल परत येतो. मग ते "गेले" मध्ये का नाही धरायचं? मी तर धरतो.

मस्टर_मास्तर
तुमच्या पानावर धरा. माझ्या पानावर मी धरणार नाही.

वर्कशॉपवाली
आमच्याकडेही ठेकेदाराचे २२ आहेत. साहेबांना विचारते. सोडून जाण्याच्या आकड्याचं मात्र सांगा, गुणिले १२ करू का?

मस्टर_मास्तर
करून बघा. ४ भागिले ६५, गुणिले १२: ७४ टक्के. मेमध्ये किती गेले?

वर्कशॉपवाली
त्या एकाला धरून एकच. म्हणजे १८ टक्के. एका महिन्यात १८ वरून ७४! साहेब मलाच काढतील.

मस्टर_मास्तर
हेच. ६५ माणसांत एक गेला की दीड टक्का हलतो, त्याला बारानं गुणलं की अठरा. म्हणून मागच्या बारा महिन्यांत गेलेले सगळे, भागिले त्या बारा महिनाअखेरींची सरासरी. दर महिन्याला खिडकी एक घर पुढे सरकते.

कोथरूडचा_कोडर
मान्य, मी मोठ्या कंपनीच्या हिशोबानं बोललो. आमच्याकडे चार हजार लोक आहेत, तिथे चालून जातं. पॉवर बीआयचंही मागे घेतो.

वर्कशॉपवाली
बारा महिन्यांत १९ गेले, सरासरी ६३. तीस टक्के. हा आकडा तसाही वाईटच आहे.

मस्टर_मास्तर
वाईट आहे, पण कोण गेले ते बघा. त्या १९ जणांत तीन महिने पुरे व्हायच्या आत गेलेले किती?

वर्कशॉपवाली
११. त्यातले ८ प्रेस शॉपचे.

मस्टर_मास्तर
मग "नवीन किती घेतली" च्या खाली ही ओळ टाका: घेतलेल्यांपैकी ९० दिवसांनंतर किती टिकले. नुसता "या महिन्यात ३ आले" म्हणजे भरतीचं कौतुक, आणि तेच तिघे सप्टेंबरमध्ये "गेले" मध्ये दिसतात. शिवाय रिकाम्या जागा किती दिवसांपासून रिकाम्या आहेत ते लिहा. भरतीचं माझ्या मते एवढंच पुरे.

प्रेस शॉपला काय होतंय ते मात्र एक्सेल सांगणार नाही. तिथल्या सुपरवायझरबरोबर एकदा चहा घ्या.

वर्कशॉपवाली
एक शेवटचं. दिवाळीला गावी गेलेला एक जण तेव्हा सोडून गेला होता, तो फेब्रुवारीत परत आला. जुन्याच ओळीत शेवटची तारीख पुसून टाकली होती मी.

मस्टर_मास्तर
पुसू नका! पुसलीत की मागच्या नोव्हेंबर ते जानेवारीचे आकडे आपोआप बदलतात, आणि साहेबांकडच्या छापील पानाशी जुळत नाहीत. नवी ओळ, नवा कोड, शेरा कॉलममध्ये जुना कोड. त्याला एक "गेला" आणि एक "आला" असंच धरायचं.

वर्कशॉपवाली
पुसली होती, परत भरते. म्हणजे गेलेले १९ चे २० होणार आणि सरासरीही थोडी खाली येणार. तरी विचार करत होते की जानेवारीचं पान आता वेगळं का दिसतंय.

कोल्हापुरी_कारखाना
ताई, साहेब ठेकेदाराच्या २२ बद्दल काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.