मदत हवी आहे: फोटोत बसवलेली इमारत खरी उंची दाखवतेय का?

जळगावातल्या एका गल्लीच्या फोटोत १५ मीटरची नियोजित इमारत बसवायची आहे. कॅमेरा १.६ मीटरवर, शेजारच्या घराच्या दर्शनी भिंतीपासून सरळ २० मीटर मागे. त्या घराचं शटर टेपने मोजून त्यावरून स्केल काढलं, पण आपली इमारत ३ मीटर आत आहे. म्हणजे तेच स्केल लावलं तर ती सव्वासतरा मीटरची भासते. सादरीकरणात हे लबाडीच ठरेल. म्हणून fSpy ने कॅमेरा जुळवला. क्षितिजरेषा नव्या भिंतीला १.६ मीटरवर कापायला हवी, ती २.१ वर कापतेय. फोटो खालून क्रॉप केलेला आहे (मूळ फाइल नाही). Principal point हाताने सरकवावा, की फोटो पुन्हाच काढावा?