सीआयएफमध्ये खर्च त्याचा, जोखीम तुमची

"खरेदीच्या ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, 'सीआयएफ मुरगाव' आहे. म्हणजे काजूबी इथं उतरेपर्यंत सगळी जबाबदारी विकणाऱ्याचीच ना?"

नाही. सीआयएफ म्हणजे मुरगावपर्यंतचं भाडं आणि विमा तो भरतो, एवढंच. आफ्रिकेतल्या आबिदजान बंदरात माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. पुढे वाटेत समुद्राचं पाणी शिरून बी भिजली तरी त्याचं बिल पूर्ण चुकवावं लागतं. भरपाई मागायची ती विमा कंपनीकडे.

खरी गोम तिथंच आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर इन्कोटर्म्स 2020 या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांप्रमाणे त्यानं बिलाच्या 110 टक्क्यांचा, किमान 'क्लॉज सी'चा, म्हणजे सर्वांत कमी संरक्षणाचा विमा काढला की त्याचं काम झालं. त्यात आग, टक्कर, जहाज बुडणं असे मोठे अपघात येतात. पाणी शिरणं आणि चोरी येत नाही, आणि काजूवाल्याला भीती नेमकी त्यांचीच! म्हणून पीओत 'विमा क्लॉज ए', म्हणजे सर्वांत व्यापक संरक्षणाचा विमा, असं स्पष्ट लिहून घ्या. प्रीमियमचा फरक दरात आला तरी चालेल.

कंटेनरमधून येणार असेल तर सीआयपी मागा. तीही भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरायचीच अट, पण त्यात क्लॉज ए मुळातच आहे. मात्र तिथं माल आबिदजानच्या वाहतूकदाराच्या ताब्यात गेला की लगेच जोखीम तुमची. कस्टम ड्यूटी आणि क्लिअरिंग दोन्हींत तुमच्याच खिशातून.