मदत हवी आहे: माझे खासगी फोटो फिरवले जातायत, आधी काय करू?

बंद_खिडकी
या धाग्यासाठीच नवीन आयडी काढलाय, समजून घ्या. दोन वर्षांपूर्वी तेव्हाच्या जोडीदाराला मी स्वतः काढलेले ३ फोटो पाठवले होते. तेव्हा मी २४ वर्षांची होते. नातं कधीच संपलंय. परवा रात्री मैत्रिणीचा मेसेज आला, "ही तू आहेस का गं?" त्याने एक फोटो त्यांच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय, आणि इन्स्टाग्रामवर माझ्या नावाचं खोटं खातं काढून तिथे उरलेले दोन. हातपाय गार पडले. त्या भरात मी त्याच्याबरोबरचं सगळं चॅट पुसलं, गॅलरीतले मूळ फोटोही उडवले.
आता त्यालाच हात जोडून सांगू का, काढ म्हणून? पाठवले तर मीच होते. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

रानवारा
त्या खात्याची लिंक इथे टाक. आपण ५० जण मिळून रिपोर्ट मारू, तासाभरात खातं गायब होतं की नाही बघ.

उंबरठा
लिंक इथे अजिबात टाकू नकोस. रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे, पण ५० रिपोर्ट म्हणजे आणखी ५० जणांनी ते फोटो बघणं. आणि रिपोर्टची संख्या वाढली म्हणून निकाल बदलत नाही. नेमकं कारण निवडून केलेला तिचा एक रिपोर्ट पुरतो.

बंद_खिडकी, मी अशा तक्रारींमध्ये लोकांसोबत बसून मदत करते. तुझ्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे, कारण खातं आधी उडालं तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो. मैत्रिणीला शेजारी बसव आणि हे काम तिलाच करू दे, म्हणजे तुला ते पुन्हा बघावं लागणार नाही. कॉम्प्युटरवर ते खातं उघडायचं आणि वरच्या पट्टीतला पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून तारीख-वेळेसह लिहून ठेवायची. खात्यावर दिसणारं नाव तो क्षणात बदलू शकतो, म्हणून युजरनेम आणि लिंकच धरायची. ग्रुपमधल्या मेसेजचा स्क्रीनशॉट त्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा हवा. हे झालं की मग रिपोर्ट. आणि रिपोर्ट किंवा ब्लॉक करताना "चॅट पुसा" अशी खूण आलेली असेल तर ती आधी काढ.

त्याला हात जोडू नकोस. तू घाबरली आहेस हे त्याला कळलं की त्याच्या हातात आणखी एक दोरी येते. आधीच्या बोलण्यातलं जे काही पुसायचं राहिलं असेल ते मात्र जपून ठेव.

काटेकोर
एक रोखठोक प्रश्न. असे फोटो पाठवायचेच कशाला? राग नको, पुढच्यांना सावध करण्यासाठी विचारतोय.

उंबरठा
मग पुढच्यांसाठी वेगळा धागा काढा. तिने एका माणसाला पाठवले, त्याच्यावर विश्वास होता म्हणून. ग्रुपवर टाकताना तिला कोणी विचारलं? खोटं खातं काढायला त्याने तिचं नाव टाइप केलं, फोटो निवडले, बटण दाबलं. यातली एकही गोष्ट तिच्या हातून झालेली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला प्रकार आहे हा. आणि याच प्रश्नाच्या भीतीने लोक चार-चार दिवस गप्प बसतात, तेवढ्यात फोटो तीन ठिकाणी पोचलेले असतात.

काटेकोर
ठीक. माझा प्रश्न इथे चुकीच्या जागी होता.

सांजवेळ
माझंही असंच झालं होतं. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, रेकॉर्ड झालं, मग पैशांची मागणी. मी एकदा दिले, तर आठवड्याने दुप्पट मागितले. दिले की थांबतात हे साफ खोटं. पैसे देऊ नकोस, ताई.

बंद_खिडकी
दादा, तुमचं ऐकून वाईट वाटलं. पण इथे पैसे नाही मागितलेत, नुसता सूड आहे. उंबरठाताई, तुम्ही सांगितलं तसं मैत्रिणीने सगळं करून ठेवलं. मग रिपोर्ट केला. आता ते फोटो दुसरीकडे चढले तर?

उंबरठा
त्यासाठी stopncii.org आहे, २०२१ पासून. तिथे तुझा फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तू फोनमधूनच फोटो निवडतेस, तिथेच त्याचा हॅश म्हणजे एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि फक्त तो ठसा पुढे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट वगैरे सहभागी कंपन्या तो ठसा जुळतो का बघतात. जुळला तर त्यांच्या नियमाप्रमाणे फोटो अडवतात किंवा काढतात. शेवटी केस नंबर आणि पिन मिळतो. पिन हरवला तर परत मिळत नाही, म्हणून लगेच लिहून ठेव.

आता तुझी अडचण. ठसा काढायला फोटो हातात हवा, आणि तू तो उडवलास. गॅलरीत "अलीकडे हटवलेले" फोल्डर बघ, तिथे बहुतेक फोनमध्ये महिनाभर फोटो असतात. नाहीच मिळाले तर मैत्रिणीने घेतलेला स्क्रीनशॉट फक्त फोटोपुरता कापून त्याचा ठसा काढ. थोडा लहान किंवा धूसर झालेला फोटो बहुधा ओळखला जातो. पण कडा बऱ्याच कापल्या, वर मजकूर लिहिला, की ठसा जुळेलच असं नाही. तशी प्रत दिसली तर तिचा वेगळा ठसा.

आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजना हे लागू पडत नाही, ते कूटबद्ध असतात. तिथे ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी पुसू शकतो, त्याला गाठ. अर्थात ज्यांच्या फोनमध्ये उतरलाय त्यांच्याकडे तो राहणारच.

पानगळ
सेल्फी तुमचीच असेल तर कॉपीराइटही तुमचा. त्या आधारे कुठल्याही साइटवरून फोटो काढून घेता येतो, हेच सर्वात सोपं.

उंबरठा
अर्धं बरोबर. जी साइट बाकी काही ऐकत नाही तिथे हा मार्ग कधीकधी चालतो. पण त्या नोटिशीत खरं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, आणि ती फोटो टाकणाऱ्यापर्यंत जाऊ शकते. फोटो त्याने काढला असता तर हा आधारही उरला नसता. गूगलकडे संमतीशिवाय टाकलेल्या अशा फोटोंसाठी वेगळा अर्ज आहे, त्याने तो शोधात येणं थांबतं. मूळ पान मात्र जागेवरच राहतं.

मोरपंख
माझ्या १६ वर्षांच्या भाचीबद्दल विचारायचं होतं. तीच साइट चालेल का?

उंबरठा
नाही, ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. फोटोतली व्यक्ती तेव्हा १८ च्या आतली असेल तर Take It Down, तिथेही ठसाच जातो. आणि त्या फोटोंचे स्क्रीनशॉट घेऊ नका, कोणाला पाठवूही नका. फक्त लिंक, युजरनेम, तारीख लिहा आणि लगेच पोलिसांशी बोला.

बंद_खिडकी
अपडेट. तिन्ही मूळ फोटो "अलीकडे हटवलेले"मध्ये सापडले, ठसे काढले. खोटं खातं आज दुपारी गेलं. ॲडमिनने मेसेज पुसला, पण "मस्करी होती ना" म्हणाला. लिंका, स्क्रीनशॉट आणि केस नंबर एका पाकिटात घातलेत, उद्या मैत्रिणीबरोबर तक्रार द्यायला जातेय. आईला सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही.