रात्रपाळी : घराच्या दारापर्यंत की गल्लीच्या तोंडापर्यंत?

चाफा
रात्रपाळी करणाऱ्या बायकांचे अनुभव हवे आहेत. संमती कशी घेतली आणि घरी कसं सोडतात, एवढ्या दोनच गोष्टींबद्दल लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यात कॉल सेंटरला आहे, पाळी रात्री दोनला सुटते. आमची गल्ली अरुंद, गाडी आत वळत नाही म्हणून ड्रायव्हर तोंडाशीच थांबतो. उतरायच्या आधी ट्रिपशीट पुढे करतो, मी मोबाइलच्या उजेडात 'घरी पोहोचले' समोर सही करते. पुढची दीडेकशे पावलं आणि कुत्री माझी मी बघायची. कागदोपत्री मी तेव्हा घरात असते.

वाटाड्या
मी नऊ वर्षं ट्रान्सपोर्ट डेस्कवर आहे. ताई, ती सही आजपासून दारात करा. काही झालं तर पहिल्यांदा तोच कागद काढतात.

रूट लावताना सोडायच्या फेरीत शेवटची आणि आणायच्या फेरीत पहिली सवारी बाई नको, हे आम्ही बघतो. तसं जमत नसेल तर गार्ड द्यायचा. घोळ होतो तो आयत्या वेळी. समजा गाडीत चार जण आहेत, शेवटचा उतरणार पुरुष. तो साडेअकराला कळवतो, 'आज मित्राच्या बाइकवर जातो.' त्याचं नाव खोडलं की त्याच्या आधीची मुलगी आपोआप शेवटची होते आणि गार्ड तर दुसऱ्या गाडीला दिलेला असतो. अशा वेळी रूट नव्याने लावायला हवा, पण वीस मिनिटं जातात म्हणून डेस्क टाळतो. आपली गाडी शेवटी कोणाला सोडणार, हे निघताना विचारा.

आणायच्या फेरीकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. 2007 मध्ये पुण्यात जिचा खून झाला ती मुलगी कामावरच निघाली होती. गाडीत ड्रायव्हर आणि त्याचा मित्र. गाडीत अनोळखी माणूस दिसला तर बसूच नका.

नाना
मुळात बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवताच येत नाही. कायदा आहे तसा. कंपनीवर केस करा.

कलम_कसाई
नाना, तो कारखान्यांचा जुना नियम, 1948 च्या कायद्यातला: सकाळी 6 ते संध्याकाळी 7. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी कामगार संहिता लागू झाली, आता तिथेही संमती घेऊन रात्री काम देता येतं. चाफाताईंना लागू होतो तो महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. त्याच्या कलम 13 प्रमाणे रात्री 9:30 ते सकाळी 7 बाईला काम द्यायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची. गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून ते भागत नाही. गाडी आत जात नसेल तर गार्डने चालत सोडावं.

निशिगंध
नाइट अलाउन्स किती मिळतो सगळ्यांना? आमच्याकडे दोन वर्षांत वाढवलेला नाही.

चाफा
निशिगंध, त्यावर वेगळा धागा काढू या. इथे संमतीबद्दल लिहाल का?

निशिगंध
संमती रुजू होताना बाकीच्या कागदांत होती. बारा-चौदा सह्या केल्या, त्यातलीच एक. पुढे सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने दिवसपाळी मागितली. एचआर म्हणाली, 'तुम्ही संमती दिली आहे.' मी मेल केला की अमुक तारखेपासून माझी रात्रपाळीला संमती नाही. उत्तर आलं नाही, रोस्टर मात्र बदललं. पण त्या वर्षी अप्रेझल घसरलं. त्याचा याच्याशी संबंध होता हे कसं सिद्ध करू?

कलम_कसाई
मेल केलात ते उत्तम. तोंडी बोलला असतात तर काहीच उरलं नसतं. अप्रेझलचं मात्र अवघड आहे.

सिस्टर
मी खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ, त्यामुळे सुटताना उजेड असतो, गाडीचा प्रश्न येत नाही. आमची भीती वॉर्डातच. एका मजल्यावर मी एकटी आणि पेशंटचे प्यायलेले नातेवाईक. गार्ड खाली गेटवर, इंटरकॉम बंद. हे नियम हॉस्पिटलला लागू नाहीत असं आमच्या मेट्रन सांगतात.

कलम_कसाई
खाजगी हॉस्पिटल 2017 च्या कायद्यात येतं, सिस्टर. सरकारी कार्यालयांना तो लागू नाही, त्यामुळे गोंधळ होत असावा. सुरक्षिततेची जबाबदारी कामाच्या जागीही आहेच. इंटरकॉम बंद असल्याचं लेखी द्या, तारीख घालून.

मोगरा
गाडीतला माझा अनुभव. ड्रायव्हर आरशातून बघत घाणेरडं बोलायचा. मॅनेजर म्हणाला, तो व्हेंडरचा माणूस, ऑफिसबाहेरचं प्रकरण. मी अंतर्गत समितीकडे गेले. 2013 च्या कायद्यात मालकाने दिलेलं वाहन कामाचीच जागा धरलं आहे, तक्रारीला मुदत तीन महिने. ट्रिपशीटचे फोटो माझ्याकडे होते, म्हणून तारखा जुळल्या. त्याला काढलं. तो आता दुसऱ्या कुठल्या कंपनीची गाडी चालवतो का, माहीत नाही.

चाफा
काल सही दारात करेन म्हणून सांगितलं. ड्रायव्हर कुरकुरला, मग शीट घेऊन बरोबर चालत आला. गार्डसाठी मेल टाकला आहे, अजून उत्तर नाही.