गिऱ्हाईकाला गोडीत नाही म्हणायचे अनुभव सांगा

रंधा: आज शेजारच्या दुकानातून एक बाई "दुसरीकडे निम्म्यात मिळतं" म्हणत तावातावाने बाहेर पडल्या आणि मला आमचं एक जुनं गिऱ्हाईक आठवलं. आमचं फर्निचरचं काम. हा गृहस्थ शुक्रवारी सकाळी आला, सहा जणांचं टेबल त्याच्या मापाने हवं, रविवारी पाहुणे, आणि वर ३० टक्के कमी करा. माणूस बोलायला चांगला होता म्हणून तोडून टाकावंसं वाटेना. आत नेलं. एका टेबलाला सकाळीच पॉलिशचा दुसरा हात मारलेला, वरून अगदी कोरडं दिसत होतं, म्हटलं खालच्या कडेला नख दाबून बघा. नख रुतलं, खूण राहिली. म्हटलं साहेब घाईत केलं तर तुमचंही रविवारी असंच असणार, गरम भांडं ठेवलं की डाग आणि कोपर टेकलं की बाही चिकटणार. सांधे गोंद लावून रात्रभर आवळून ठेवायचे, मग घासायचं, मग तेलाच्या पॉलिशचे तीन हात, प्रत्येक हाताला साधारण एक दिवस, हवा दमट असेल तर जास्तच. शुक्रवार ते रविवार यात हे बसत नाही. रविवारपुरतं तयार टेबल न्या आणि तुमचं सावकाश करून देतो असंही म्हटलं. "बघतो" म्हणून गेला. टेबल नाही घेतलं, पण नंतर खुर्च्या दुरुस्तीला आमच्याकडेच आणल्या.
तुमचे किस्से येऊ द्या.

सुईदोरा: नखाचं भारी 😄 मी शिवणकाम करते, मी सरळ वही उघडून समोर ठेवते. ताई बघा, या तारखेला या तिघींचं आहे, तुमचं आधी घेतलं तर यातल्या कुणाला फोन करून नाही सांगू ते तुम्हीच सांगा. बहुतेक जणी गप्प होतात. एक म्हणाली हिला सांगा, ही माझी जाऊ आहे!! आणि सुती कापड पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय कापायचं नसतं हे तर कुणाला पटतच नाही, नंतर आखूड झालं की परत मीच वाईट

झटपट: एवढं काय त्यात, आधीच ३० टक्के वाढवून सांगायचं आणि मग ३० टक्के सोडायचे. गिऱ्हाईक खूष आपण खूष

खतावणी: झटपट, असं केलंत तर बसाल. १०० चे १३० केले, १३० चे ३० टक्के म्हणजे ३९, हातात ९१.
आणि सूट दिसते त्यापेक्षा महाग पडते. १०० च्या विक्रीत २५ सुटत असतील आणि २० सोडले तर उरले ५, म्हणजे आधी एका नगात मिळायचं ते आता पाच नग विकून. मी गिऱ्हाईकाला म्हणते भाव तोच राहू द्या, वस्तू कमी करू. खण काढू, माप लहान करू, साधं लाकूड घेऊ, तुमच्या बजेटमध्ये काय बसतं ते बघू. नाही म्हटल्यासारखं वाटतही नाही.

झटपट: बरं मग ४५ टक्के वाढवा 😂 पण रोज येणारं गिऱ्हाईक ओळखतं हे खरं आहे

मुग्धा_घरी: मी दुकानदार नाही, मी ती "निम्म्यात मिळतं" वाली बाई 🙈 (ती नाही, तिच्यासारखी). आम्ही मागतो कारण कुणीतरी खरंच देतं हो. नाही म्हणालात तर राग नाही येत, राग येतो "उद्या या, परवा या" चा. एकाने मला पडद्यांसाठी एवढं फिरवलं की शेवटी खिडकीला चादर लावली, ती अजून आहे

सुईदोरा: मुग्धा 😂😂 चादरीचा फोटो टाका

वामनकाका: घाईच्या कामाला जादा पैसे घ्यावेत की. आम्ही छपाईत घ्यायचो.

रंधा: काका, माणसं रात्री थांबून काम उरकत असेल तिथे घ्या ना, हक्काने घ्या. पॉलिशला जादा पैसे दिले म्हणून ते लवकर वाळत नाही. गिऱ्हाईकाला एकदा "जादा द्या, करतो" म्हटलं की त्याला वाटतं आधी उगाच नाही म्हणत होता.

वामनकाका: शाई पण वाळावी लागते बाबा. ओल्या गठ्ठ्यावर गठ्ठा ठेवला की मागे छाप उठते. तरी घ्यायचो.

खतावणी: गिऱ्हाईकाला आपला नफा सांगावा का पण? मी कधी कधी सांगते, नवरा म्हणतो अजिबात नको.

रंधा: मी नाही सांगत. कामाबद्दल विचारा, वाटेल तेवढं सांगेन. नफा सांगितला की तिथून घासाघीस सुरू.

खतावणी: मला उलट अनुभव आहे, पण असो, भाजी करपतेय

पावसाळी: पॉलिशचा विषय निघालाय म्हणून, आमच्या नवीन कपाटातले कपडे वास मारतात. दुकानदार परत घेत नाही. काय करू?

सुईदोरा: हा धागा त्याचा नाहीये 😅

रंधा: आतून नख दाबून बघा, खूण उठते का. उठली तर अजून ओलं आहे, कपडे काढा आणि दारं उघडी टाका, वारं लागू द्या. उठत नसेल तर मागच्या फळीला ओल आहे का बघा, भिंतीला चिकटून ठेवलंय का?

पावसाळी: भिंतीलाच आहे. थांबा, सरकवून बघते, मुलगा आला की